प्रकल्प नोंदी: ६३ वॅट, एक ट्रान्झिस्टर आणि उणे उत्तर देणारा हीट सिंक

२ जून

बेंच पॉवर सप्लायचं काम आजपासून सुरू. ० ते १५ व्होल्ट, ३ अँपिअर, करंट लिमिटसह, आणि लिनिअर. स्विचिंग सप्लाय गार राहतो हे मान्य, पण सेन्सर आणि ऑडिओच्या सर्किटांना आउटपुटवर जितकी कमी खरखर तितकं बरं. लिनिअर म्हटलं की जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपात जाणार, आणि ती सगळी उष्णता मालिकेत बसवलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये निर्माण होणार. म्हणून सर्किटच्या आधी उष्णतेचा हिशेब.

ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टचा, मधोमध ९ व्होल्टचा टॅप आहे. पुढे ब्रिज आणि १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ३ अँपिअर ओढून कपॅसिटरवर मीटर लावला तर सरासरी २१ व्होल्ट दिसतात. लोडशिवाय हा आकडा बराच वर असतो, पण तेव्हा करंटच नसल्यामुळे उष्णताही नसते. हिशेबात २१ धरायचे.

ट्रान्झिस्टरमधली उष्णता म्हणजे त्याच्यावर पडणारं व्होल्टेज गुणिले त्यातून जाणारा करंट. बेसच्या करंटमुळे होणारी उष्णता या मानाने किरकोळ आहे, ती सोडून दिली. ३ अँपिअरला वेगवेगळ्या आउटपुटवर असं चित्र आहे:

```
Vout = 15 V   P = (21 - 15) x 3 = 18 W
Vout = 12 V   P = (21 - 12) x 3 = 27 W
Vout =  5 V   P = (21 -  5) x 3 = 48 W
Vout =  0 V   P = (21 -  0) x 3 = 63 W
```

१५ व्होल्टला सप्लाय लोडला ४५ वॅट देतो आणि ट्रान्झिस्टरवर फक्त १८ वॅट पडतात. आउटपुट शॉर्ट झालं तर लोडला काहीच जात नाही आणि ट्रान्झिस्टर ६३ वॅट सोसतो. करंट लिमिट आहे म्हणजे शॉर्टमध्ये सगळं सुरक्षित, असं सहज वाटतं. करंट लिमिट ट्रान्सफॉर्मर आणि बाहेरचं सर्किट वाचवतं, पण ट्रान्झिस्टरसाठी सगळ्यात कठीण वेळ नेमकी तीच असते. बेंच सप्लायची टोकं एकमेकांना चिकटणं ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. क्लिपा टेबलावर लोळत असतात. तेव्हा हिशेब शॉर्टचाच करायचा, आणि तोही क्षणभराचा नाही, सप्लाय तसाच तासभर राहिला तर काय होईल याचा.

४ जून

ट्रान्झिस्टर २एन३०५५ घेतला आहे, धातूच्या टीओ-३ पॅकेजमधला. डेटाशीटवर पहिल्याच ओळीत ११५ वॅट लिहिलेलं असतं, आणि ६३ हा आकडा त्याच्या जवळजवळ निम्मा. वरवर पाहिलं तर चिंता नाही. पण त्या ११५ च्या शेजारी लहान अक्षरांत अट आहे: केसचं तापमान २५ अंश. म्हणजे ११५ वॅट आत निर्माण होत असताना बाहेरचा धातू २५ अंशांवर राखून दाखवायचा. वाहत्या थंड पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर बसवला तर कदाचित जमेल, हवेत नाही.

हा आकडा येतो कुठून ते पाहिलं की सगळा विषय उलगडतो. याच्या जंक्शनची, म्हणजे आतल्या चिपमध्ये उष्णता जिथे निर्माण होते त्या जागेची, कमाल मर्यादा २०० अंश, आणि जंक्शन ते केस थर्मल रेझिस्टन्स १.५२ अंश प्रति वॅट. २०० मधून २५ गेले १७५, भागिले १.५२, उत्तर ११५. म्हणजे ११५ वॅट ही वेगळी मर्यादा नाहीच. खरी मर्यादा एकच, जंक्शनचं तापमान, आणि वॅटचा आकडा तिच्यापासून काढलेला आहे. केस १०० अंशांवर गेली की तोच ट्रान्झिस्टर जेमतेम ६६ वॅटचा उरतो.

थर्मल रेझिस्टन्सचा अर्थ सरळ आहे. उष्णता एका जागेतून दुसरीकडे जाताना दर वॅटमागे दोन टोकांत किती अंशांचा फरक पडतो तो आकडा. ओहमच्या नियमात करंटच्या जागी वॅट आणि व्होल्टेजच्या जागी तापमानातला फरक ठेवला की झालं. जंक्शनमधली उष्णता आधी केसपर्यंत येते, मग अभ्रकाच्या चकतीतून आणि थर्मल ग्रीसमधून सिंकमध्ये जाते, मग सिंकच्या फिन्सवरून हवेत. वाट एकच, तीन टप्पे एकामागोमाग, म्हणून तिन्ही रेझिस्टन्सची बेरीज होते:

```
Tj = Ta + P x (Rjc + Rcs + Rsa)
```

`Ta` म्हणजे सिंकला लागणारी हवा. खोलीची नव्हे, सिंकला लागणारी. सिंक बंद पेटीच्या आत असेल तर ती हवा खोलीपेक्षा १०-१५ अंशांनी सहज गरम असते. आपला सिंक पेटीच्या मागच्या बाजूला बाहेर, फिन्स उभे ठेवून बसवायचा आहे. गरम हवा वर चढते, तिला फिन्सच्या मधून सरळ वाट हवी. फिन्स आडवे ठेवले तर तोच सिंक बराच निकामी होतो. उन्हाळ्याचा विचार करून `Ta` ४० अंश धरतो.

`Rjc` १.५२ डेटाशीटमधून मिळाला. तो ट्रान्झिस्टरच्या आतला आहे, आपल्या हातात नाही. `Rcs` अभ्रक आणि ग्रीससह ०.५ धरतो, पुढे मोजून पाहीन. राहिला `Rsa`. सिंक जुन्या सामानातला आहे, ४२० ग्रॅमचा, काळा अॅनोडाइज केलेला, त्यावर ना क्रमांक ना काही खूण. तो मोजावाच लागेल.

५ जून

सिंक मोजायला ट्रान्झिस्टर लागत नाही. अॅल्युमिनियमच्या आवरणातला १० ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर सिंकच्या मधोमध ग्रीस लावून स्क्रूने बसवला आणि त्याला १५ व्होल्ट दिले. करंट १.५ अँपिअर, म्हणजे बरोबर २२.५ वॅट. रेझिस्टर हीटर म्हणून चांगला, कारण गरम झाल्यावर त्याची पॉवर फारशी हलत नाही. ट्रान्झिस्टर हीटर म्हणून वापरला तर तापला की त्याचा करंट सरकतो आणि सारखं नॉब फिरवत बसावं लागतं. थर्मोकपल रेझिस्टरच्या कडेला, सिंकमध्ये पाडलेल्या बारीक भोकात ग्रीस घालून खोचलं. सिंक उभा धरला, खाली-वर हवा मोकळी ठेवली. खोली २९ अंश.

```
 0 min   29 C
 5 min   44 C
10 min   54 C
20 min   65 C
30 min   70 C
45 min   73 C
60 min   74 C
```

७४ वजा २९ म्हणजे ४५ अंश, भागिले २२.५ वॅट, `Rsa` आला २.० अंश प्रति वॅट.

या मापनात सगळी गोम वेळेत आहे. दहा मिनिटांनी सिंकला बोट टिकत नाही, तापमान फार वेगाने वाढतही नाही, आणि झालं आता स्थिर असं वाटायला लागतं. तेव्हाचा आकडा घेतला तर २५ भागिले २२.५, म्हणजे १.१ येतो. सिंक आहे त्यापेक्षा जवळजवळ दुप्पट चांगला दिसतो. हे का होतं तेही काढता येतं. अॅल्युमिनियमचा एक ग्रॅम एक अंशाने तापवायला सुमारे ०.९ जूल लागतात. ४२० ग्रॅमचे झाले ३७८ जूल. त्याला २.० ने गुणलं की ७५६ सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटं. हा सिंकचा टाइम कॉन्स्टंट. एका टाइम कॉन्स्टंटमध्ये शेवटच्या वाढीचा ६३ टक्के भागच पूर्ण होतो, आणि आकड्यावर भरवसा ठेवायचा तर चार-पाच टाइम कॉन्स्टंट थांबायला हवं. म्हणून तासभर.

इन्फ्रारेड थर्मामीटरनेही पाहिलं. काळ्या फिन्सवर तो थर्मोकपलशी जुळतो. सिंकच्या कापलेल्या, चकचकीत कडेवर मात्र कितीतरी गार दाखवतो, कारण चकचकीत अॅल्युमिनियम स्वतः फार कमी इन्फ्रारेड सोडतं आणि समोरच्या वस्तूंचं परावर्तित करतं. त्या जागी काळी चिकटपट्टी लावली की आकडा ताळ्यावर येतो.

अजून एक लक्षात ठेवायचं: विनापंख्याच्या सिंकचा `Rsa` हा पक्का स्थिरांक नसतो. सिंक जास्त तापला की हवा जोरात वर चढते आणि आकडा थोडा सुधारतो. २.० हा ४५ अंशांच्या वाढीला मिळालेला आहे. वाढ १० अंशांचीच असेल तर सिंक यापेक्षा वाईट वागेल, पण तेव्हा काळजीचं कारणही नसेल.

६ जून

आता तिन्ही आकडे हातात आहेत. १.५२, ०.५ आणि २.०, एकूण ४.०२. एकच ट्रान्झिस्टर, हाच सिंक, हवा ४० अंश:

```
18 W   Tj = 40 + 18 x 4.02 = 112 C
27 W   Tj = 40 + 27 x 4.02 = 149 C
48 W   Tj = 40 + 48 x 4.02 = 233 C
63 W   Tj = 40 + 63 x 4.02 = 293 C
```

शेवटच्या दोन ओळींत ट्रान्झिस्टर जिवंत राहत नाही. १२ व्होल्टची ओळ पाहण्यासारखी आहे: सिंक ९४ अंश, केस साधारण १०८, आणि जंक्शन १४९. सिंकला थर्मोकपल लावून "९४ म्हणजे चालेल" म्हणणाऱ्याला आत आणखी ५५ अंश चढलेत हे दिसत नाही. बोटाने अंदाज घेण्यात तर काहीच अर्थ नाही. ६० अंशांच्या धातूवर बोट टिकत नाही, आणि त्या सिंकवरच्या ट्रान्झिस्टरचं जंक्शन ७० ला असेल की १५० ला, हे आत किती वॅट चाललेत यावर ठरतं.

मर्यादा २०० असली तरी मी डिझाइनसाठी १५० पकडतो. २०० ला ट्रान्झिस्टर लगेच मरतो असं नाही, पण तापमानाबरोबर गळती करंट वाढत जातो, आयुष्य घटतं, आणि माझे तिन्ही आकडे अचूक नाहीत. १५० ठेवलं की चुकायला जागा राहते.

मग उलटा हिशेब. ६३ वॅटला जंक्शन १५० च्या आत ठेवायचं तर सिंक केवढा हवा?

```
R(total) = (150 - 40) / 63 = 1.75
Rsa      = 1.75 - 1.52 - 0.5 = -0.27
```

उत्तर उणे आलं. असा सिंक जगात नाही. दुसऱ्या शब्दांत, सिंक कितीही मोठा घेतला, अगदी ४० अंशांवर अढळ राहणारा अनंत ठोकळा घेतला, तरी जंक्शन ४० अधिक ६३ गुणिले २.०२, म्हणजे १६७ अंशांवर जाणारच. ही वाढ सिंकच्या आधीच्या दोन टप्प्यांत होते आणि सिंकला तिथे हात घालता येत नाही.

माझ्या मते या सगळ्या गणितातली ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे. सिंक शोधायला निघण्याआधी आधीचे दोन रेझिस्टन्स वजा करून पाहायचे. उरलेला आकडा उणे किंवा शून्याच्या अगदी जवळ असेल तर मोठा सिंक आणि जोरदार पंखा हा खर्च वाया आहे. तेव्हा दोनच वाटा उरतात: उष्णता एकाहून जास्त ट्रान्झिस्टरांत वाटायची, किंवा मुळात वॅटच कमी करायचे.

८ जून

दोन्ही करायचं ठरलं.

आधी वॅट. ट्रान्सफॉर्मरला ९ व्होल्टचा टॅप आहे, तो वाया का घालवा. आउटपुट ५ व्होल्ट किंवा त्याखाली असलं की रिले ९ व्होल्टच्या टॅपवर जाईल. त्या टॅपवर ३ अँपिअरला कपॅसिटरवर ९.५ व्होल्ट मोजले. रिपलचा तळ त्याखाली जातो, तरी ५ व्होल्टचं आउटपुट नीट सांभाळलं जातं. आता शॉर्टमध्ये ६३ ऐवजी ९.५ गुणिले ३, म्हणजे साडेअठ्ठावीस वॅट. कपॅसिटर २१ वरून उतरेपर्यंतचा क्षण जड जातो खरा, पण तो इतका छोटा आहे की सिंकला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्यामुळे सगळ्यात वाईट जागा सरकली. आता ती आहे रिले वरच्या टॅपवर जातो त्याच्या किंचित वर, ५ व्होल्टच्या पुढे: ४८ वॅट. पुढचं सगळं डिझाइन ४८ साठी. एकच ट्रान्झिस्टर ठेवला तर ११० भागिले ४८ म्हणजे २.२९, त्यातून २.०२ गेले, सिंकसाठी ०.२७ उरतो. उणे नाही, पण त्यासाठी जो पंखा आणि जो सिंक लागेल तो या पेटीपेक्षा मोठा होईल.

मग दोन ट्रान्झिस्टर समांतर. इथे हिशेबात एक बारीक गोष्ट आहे: जंक्शन ते सिंक या टप्प्यात प्रत्येकी निम्मी उष्णता जाते, पण सिंकमधून दोघांची मिळून पूर्ण ४८ वॅट जाते. म्हणून दोन भाग वेगळे मांडायचे.

आणि "निम्मी" हेही आपोआप होत नाही. दोन ट्रान्झिस्टरांचं बेस-एमिटर व्होल्टेज सारखं नसतं. जो जास्त करंट घेतो तो जास्त तापतो, तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलीव्होल्टने घटतं, आणि तो आणखी करंट ओढतो. हे थांबवायला प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहमचा रेझिस्टर. दीड अँपिअरला त्यावर ०.३३ व्होल्ट पडतात. दोघांत ६० मिलीव्होल्टचा फरक असला तरी करंटमधला फरक ०.०६ भागिले ०.२२, म्हणजे पाव अँपिअरच्या आसपास राहतो. एकाला ५५ टक्के, दुसऱ्याला ४५ असं धरतो. जास्त ओझं घेणाऱ्याला २६.४ वॅट:

```
junction - sink : 26.4 x 2.02 = 53 C
sink            : (150 - 40 - 53) / 48 = 1.18 C/W
```

१.१८ हवा आहे आणि हातात २.० आहे. तोच रेझिस्टर, तेच २२.५ वॅट, समोर ८० मिलिमीटरचा पंखा फिन्समधून हवा जाईल असा लावून पुन्हा मोजलं: २९ वरून ४७ वर स्थिर. १८ भागिले २२.५, `Rsa` ०.८. पंख्याने सिंक अडीच पट चांगला झाला. अभ्रकाच्या अलीकडच्या ५३ अंशांना मात्र पंख्याचा वाराही लागत नाही.

अंदाजे जंक्शन: ४० अधिक ३८ अधिक ५३, म्हणजे १३१ च्या आसपास. चालेल.

११ जून

आज अभ्रक. टीओ-३ ची केस म्हणजेच कलेक्टर, तिच्यावर २१ व्होल्ट असणार, म्हणून सिंकपासून तोडायलाच हवी. अभ्रकाची चकती, स्क्रूंना प्लास्टिकचे बुश. भोकांच्या कडांवर ड्रिलने उठलेला बर मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून काढला. हा बर अभ्रक फाडतो, किंवा ट्रान्झिस्टर एका कोपऱ्यावर उचलून धरतो. बसवल्यावर केस ते सिंक कंटिन्युइटी पाहिली, आवाज नाही.

आधी मुद्दाम ग्रीस न लावता. एकच ट्रान्झिस्टर, १० व्होल्ट ३ अँपिअर, ३० वॅट. एक थर्मोकपल केसच्या पाटीला, एक सिंकमध्ये लगतच. केसवरचं थर्मोकपल कलेक्टरला टेकलेलं असतं, म्हणून मीटर बॅटरीवर चालणारा आणि दुसऱ्या कशाला न जोडलेला हवा. केसच्या टोपीच्या माथ्यावर मोजायचं नाही. चिप खालच्या जाड पाटीवर बसलेली असते, टोपी फक्त झाकण आहे आणि ती बरीच गार दिसते.

कोरड्या अभ्रकाला फरक ३३ अंश, म्हणजे `Rcs` १.१. दोन्ही बाजूंना ग्रीसचा अगदी पातळ थर दिल्यावर १५ अंश, म्हणजे ०.५. दोन ओबडधोबड पृष्ठभागांमधली हवा बाहेर काढणं एवढंच ग्रीसचं काम. धातूपुढे ग्रीस स्वतः वाईट वाहक आहे, त्यामुळे जाड थापलेलं ग्रीस उलटं नडतं. स्क्रू आवळल्यावर कडेने थोडं बाहेर आलं की पुरे. ग्रीसशिवाय असता तर २६.४ वॅटला जंक्शन आणखी १६ अंश वर असतं, आणि ते सिंकच्या थर्मोकपलवर कधीच दिसलं नसतं. सिंक तितकाच गरम राहतो, कारण वॅट तेवढेच आहेत.

१४ जून

आतापर्यंत जंक्शनचा आकडा कागदावरचा होता. आज तो मोजला. आत थर्मोकपल नेता येत नाही, पण ट्रान्झिस्टर स्वतःच थर्मामीटर आहे: ठरावीक छोट्या करंटला त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज तापमानाबरोबर जवळजवळ सरळ रेषेत घटतं.

पहिली पायरी कॅलिब्रेशन. कलेक्टर मोकळा ठेवून बेसमधून कायम १० मिलीअँपिअर. एवढ्याने चिप स्वतः तापत नाही. थंड सिंकवर, ३० अंशांना, ०.५६० व्होल्ट. मग रेझिस्टरने सिंक ८० वर नेला, सगळं एकसारखं होईपर्यंत थांबलो: ०.४५५. ५० अंशांत १०५ मिलीव्होल्ट, म्हणजे दर अंशाला २.१.

दुसरी पायरी तापवणं. पंखा चालू, ३० वॅट, सिंक स्थिर होईपर्यंत थांबायचं. सिंक ५४ वर आला. १० मिलीअँपिअर तसेच चालू ठेवून मॉसफेटने कलेक्टर आणि मोठा बेस करंट एकदम तोडला, आणि स्कोपवर बेस-एमिटर व्होल्टेज पाहिलं. तोडल्याबरोबर काही मायक्रोसेकंद गोंधळ, साठलेला चार्ज निघून जातो. मग रेषा हळूहळू वर चढायला लागते, ते चिपचं गार होणं. ती चढण मागे तोडण्याच्या क्षणापर्यंत वाढवून वाचायची. मीटरने हे जमत नाही, तो आकडा दाखवेपर्यंत चिप केसच्या तापमानाला आलेली असते.

वाचन ०.३७२ व्होल्ट. ०.५६० मधून गेले १८८ मिलीव्होल्ट, भागिले २.१, म्हणजे साडेएकोणनव्वद अंशांची वाढ. जंक्शन ११९.५. कागदावर ५४ अधिक ३० गुणिले २.०२, म्हणजे ११४.६ होतं. पाच अंश जास्त. जंक्शन ते सिंक रेझिस्टन्स २.०२ नव्हे, २.१८ आहे. कारण दिसतं ते असं की सिंकमधलं थर्मोकपल ट्रान्झिस्टरच्या बरोबर खाली नाही, बाजूला आहे, आणि तिथपर्यंत उष्णता पसरतानाही थोडा फरक पडतो. फरक लहान आहे आणि दिशा अपेक्षित आहे. हाच आकडा ३ किंवा ४ आला असता तर ट्रान्झिस्टरवरच संशय घेतला असता. बाजारात नकली २एन३०५५ असतात, आत छोटी चिप घातलेले. साध्या मीटरवर ते चांगलेच दिसतात, त्यांचा `Rjc` मात्र या चाचणीत लपत नाही.

दुसरा ट्रान्झिस्टर २.१५. यापुढे दोन्हींसाठी २.१८ धरणार.

१७ जून

पंखा बंद पडला तर? धूळ बसते, बेअरिंग जातं. तेव्हा `Rsa` पुन्हा २.०. ४० अधिक ९६ अधिक ५८, जंक्शन १९४. लगेच मरणार नाही, पण तिथे सोडून द्यायचं नाही.

सिंकवर थर्मोस्टॅट स्विच, तापला की उघडणारा, दोन ट्रान्झिस्टरांच्या मधोमध, बेसच्या ड्राइव्हमध्ये जोडलेला. किती अंशांचा घ्यायचा हेही त्याच साखळीतून निघतं. सिंकपासून जंक्शनपर्यंत सगळ्यात वाईट वाढ २६.४ गुणिले २.१८, म्हणजे ५८ अंश. जंक्शन १५० च्या आत हवं तर सिंक ९२ च्या वर जाता कामा नये. माझ्याकडच्या स्विचांवर अधिक-उणे ५ अंशांची सूट आहे. ९० चा घेतला तर तो ९५ लाही उघडू शकतो, जंक्शन १५३. ८५ चा घेतला तर फार तर ९०, जंक्शन १४८. दुसऱ्या टोकाला ८५ चा स्विच ८० ला उघडू शकतो, आणि ४० अंशांच्या हवेत पंखा चालू असताना सिंक ७८ वर असणार. फटीत दोनच अंश. कडक उन्हाळ्यात ५ व्होल्टच्या जरा वर पूर्ण करंट ओढला तर विनाकारण ट्रिप होऊ शकेल. ते चालेल, म्हणून ८५.

१९ जून

पूर्ण जोडणी. आउटपुट ५.१ व्होल्ट, वरचा टॅप, ३ अँपिअर, खोली ३१. एमिटर रेझिस्टरवर ०.३५ आणि ०.३१ व्होल्ट, म्हणजे वाटणी ५३-४७. धरलेल्या ५५ च्या आत. तासाभराने सिंक ७०. हिशेबाने ३१ अधिक ४८ गुणिले ०.८, म्हणजे ६९ यायला हवा होता.

मग पंख्याची पिन काढली. सिंक लगेच काही उसळत नाही. सुटं सोडलं असतं तर तो १२७ पर्यंत गेला असता, पण साडेबारा मिनिटांच्या टाइम कॉन्स्टंटने ७० वरून ८५ ला यायला पावणेचार-चार मिनिटं लागायला हवीत. चार मिनिटांच्या किंचित आधी थर्मोस्टॅट उघडला, थर्मोकपलवर ८६. आउटपुट शून्य.

एक गोष्ट तिथेच खटकली. सिंक ६८ च्या आसपास उतरल्यावर थर्मोस्टॅट पुन्हा बंद झाला आणि आउटपुट आपणहून परत आलं. लोडला काय जोडलंय याची पर्वा न करता. समोर कुणी नसताना हे असं चालू-बंद होत राहणं नको. थर्मोस्टॅटच्या मागे छोटा रिले, स्वतःच्याच संपर्कातून धरून राहणारा, आणि पुढच्या पॅनेलवर रीसेटचं बटण. पॅनेलला भोक पाडायचं आहे, ते उद्या.